बिल दिल्यानंतर ग्राहक जीएसटी नंबर घेऊन आला तर दुकानदाराने काय करावे?

वहीखाते:
मी सनदी लेखापाल आहे आणि माझे बहुतेक अशील लहान दुकानदार आहेत. बिलाविषयीचे प्रश्न अनेक असतात. पण एकच प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतोच, म्हणून तेवढाच येथे नीट मांडतो. ग्राहक माल घेऊन जातो, साधे बिल घेतो आणि दोन-तीन महिन्यांनी परत येऊन म्हणतो, "शेठ, त्या बिलावर आमचा जीएसटी नंबर टाकून द्या." दुकानदार पेनाने नंबर लिहितो, शिक्का मारतो, सही करतो आणि ग्राहक समाधानाने निघून जातो. पुढे तोच ग्राहक भांडायला येतो, कारण पेनाने लिहिलेला नंबर कागदावरच राहिलेला असतो.

असे का होते ते आधी समजून घ्यावे लागेल. आपण रिटर्न भरतो तेव्हा नंबर असलेल्या ग्राहकाचे प्रत्येक बिल स्वतंत्रपणे, म्हणजे बिल क्रमांक, तारीख आणि ग्राहकाचा नंबर यांसह जाते. नंबर नसलेल्या ग्राहकांची किरकोळ विक्री मात्र राज्य आणि दर यांनुसार एकाच ठोक आकड्यात जाते. तेथे कोणत्याही बिलाला स्वतःची ओळख उरत नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच अट आहे की विक्रेत्याने बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवले आणि ते खरेदीदाराकडे पोहोचले, तरच खरेदीदाराला त्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या देय करातून तेवढी वजावट, मिळते. खरेदीदार आपले क्रेडिट जीएसटीआर-२बी या तक्त्यात पाहतो आणि ठोक आकड्यात गेलेले बिल त्या तक्त्यात कधीही उमटत नाही, मग कागदावर कितीही शिक्के असोत.

माझ्या एका अशिलाचे प्रकरण सांगतो. त्यांचे विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि रिटर्न तिमाही आहे. १२ मे २०२५ रोजी एका माणसाने प्रत्येकी २,३६० रुपयांचे २० पंखे घेतले. ही किंमत करासह होती, त्यामुळे बिल ४७,२०० रुपयांचे झाले. त्यात मालाची किंमत ४०,००० आणि १८ टक्क्यांनी कर ७,२००, म्हणजे केंद्राचे ३,६०० आणि राज्याचे ३,६००. बिल पन्नास हजारांच्या आत असल्याने नाव-पत्ता घेणे सक्तीचे नव्हते, तरी काउंटरवरच्या मुलाने नुसते आडनाव लिहिले होते. एप्रिल ते जून या तिमाहीचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा रिटर्न, आम्ही १३ जुलैला भरला आणि हे ४०,००० त्या तिमाहीच्या ६,४०,००० च्या किरकोळ विक्रीत मिसळून गेले. २० ऑगस्टला तो माणूस आला. तो इलेक्ट्रिकल ठेकेदार निघाला आणि त्याला ७,२०० चे क्रेडिट हवे होते.

आम्ही काय केले ते पुढे लिहितोच. पण त्याआधी तुमच्याकडे असे प्रसंग आले तेव्हा तुम्ही काय केले, ते वाचायला आवडेल.

जुना व्यापारी:
यात एवढे अवघड काय आहे, साहेब? जुने बिल रद्द करायचे आणि आजच्या तारखेचे नवे बिल नंबर टाकून द्यायचे. नाहीतर रिवाइज्ड बिल द्यायचे. कायद्यात तशी सोय आहेच. आम्ही व्हॅटच्या काळापासून हेच करत आलो आहोत आणि कधीही अडलेले नाही.

वहीखाते:
आपण म्हणता त्यातले अर्धे बरोबर आहे. रिटर्न भरायचे राहिले असेल तर गोष्ट सोपी आहे: सॉफ्टवेअरमध्ये त्याच बिलावर ग्राहकाचे नाव आणि नंबर भरावा, जुनी प्रत परत घेऊन तिच्यावर रद्द असे लिहावे आणि नवी प्रत द्यावी. बिलाचा क्रमांक आणि तारीख तीच राहते. हाच ठेकेदार जूनमध्ये आला असता तर मी हा विषय काढलाच नसता.

रिटर्न गेल्यानंतर मात्र आजच्या तारखेचे बिल देणे चुकीचे ठरते, कारण आज कोणताही माल गेलेला नाही. शिवाय जुनी विक्री ठोक आकड्यातून काढली नाही, तर त्याच पंख्यांवर ७,२०० रुपये दुसऱ्यांदा भरले जातात आणि ते दुकानदाराच्या खिशातून जातात. रिवाइज्ड बिलाची सोय आहे, पण ती वेगळ्या कामासाठी आहे. नोंदणी लागू झाल्याच्या दिवसापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंतच्या काळात दिलेल्या बिलांसाठी ती ठेवलेली आहे. नंबर विसरला म्हणून ती वापरता येत नाही.

काउंटरवरून:
माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी आमच्या दुकानाची बिले करतो. अशा वेळी जुन्या साध्या बिलावर फक्त एकूण रक्कम असते, त्यामुळे मी ४७,२०० चे १८ टक्के काढून कर ८,४९६ दाखवला असता. आपण ७,२०० कसे धरले?

वहीखाते:
प्रश्न बाजूचा नाही. ही चूक मी अनेक बिलांवर पाहिली आहे. कर मालाच्या किमतीवर लागतो आणि ४७,२०० मध्ये कर आधीच आहे. शंभराच्या मालावर अठरा कर मिळून एकशे अठरा होतात, म्हणून ४७,२०० ला ११८ ने भागून १०० ने गुणायचे. ४०,००० येतात आणि उरलेले ७,२०० हा कर. तुम्ही ८,४९६ छापले असते तर मालाची किंमत ३८,७०४ दिसली असती आणि १,२९६ रुपये जास्त कर दाखवला गेला असता. बिलावर कर म्हणून जे वसूल केले ते सरकारकडे भरावेच लागते, आणि खरेदीदाराने त्या जास्तीच्या १,२९६ वर क्रेडिट घेतले तर वाद त्याच्या दारात जातो.

किराणावाल्या ताई:
हे वाचून मला काळजी वाटू लागली आहे. माझे किराणा दुकान आहे आणि मी कंपोझिशन योजनेत आहे. आता प्रत्येक ग्राहकाला जीएसटी नंबर विचारायचा का? माझ्याकडे बहुतेक जण दूध, साखर आणि बिस्किटे घेऊन जातात. बिल शे-दीडशेचे असते. समोर रांग असताना हे कसे जमणार?

वहीखाते:
ताई, हा नियम आपल्याला लागू नाही. कंपोझिशनमधील दुकानदार ग्राहकाकडून कर वेगळा घेऊ शकत नाही, त्यामुळे आपल्या बिलावर क्रेडिट देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपण बिल ऑफ सप्लाय देता आणि त्याच्या माथ्यावर आपण कंपोझिशनमध्ये असून कर वसूल करण्यास पात्र नाही, हे वाक्य असले पाहिजे. ते छापलेले आहे ना, एवढे मात्र आजच पाहून घ्या. दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल आणि नोंदणी नसलेला ग्राहक बिल मागत नसेल, तर प्रत्येकाला बिल फाडावे लागत नाही. दिवसाअखेरीस अशा सगळ्या विक्रीचे एकत्र बिल केले तरी चालते.

किराणावाल्या ताई:
ते वाक्य बिलबुकावर आहे, पण खाली बारीक अक्षरात आहे. पुढची बिलबुके छापताना वर घेईन. जीव भांड्यात पडला.

ठेकेदार:
मी समोरच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. आम्ही साइटवरून घाईत माल घ्यायला माणूस पाठवतो, तो नंबर द्यायला विसरतो आणि नंतर दुकानदार आम्हालाच बोल लावतो. मी एका दुकानातून केबल घेतली होती. पेनाने नंबर लिहिलेले बिल पाहून मी क्रेडिट घेतले आणि दीड वर्षाने खात्याकडून पत्र आले की हे बिल तुमच्या तक्त्यात नाही. क्रेडिट उलटवले, वर १८ टक्क्यांनी व्याज भरले. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला की आता काही होत नाही. खरोखर काही होत नाही का?

वहीखाते:
दीड वर्षाने बहुधा होत नाही. वेळेत आला असतात तर झाले असते. आमच्या प्रकरणात कसे झाले ते आता लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही पंखे घेतलेल्या ठेकेदाराचा नंबर तोंडी घेतला नाही. नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो मागवला आणि पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाकून नाव आणि स्थिती पाहिली. नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, त्यात महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. शेवटचे अक्षर पडताळणीचे असल्याने एखादे अक्षर चुकले तर पोर्टल तो नंबर बहुधा नाकारते. घात होतो तो बरोबर असलेल्या, पण दुसऱ्याच्या नंबराने. डावीकडून सहावे अक्षर पाहण्याची मी सवय लावून घेतली आहे: P असेल तर नंबर व्यक्तीचा, F असेल तर भागीदारीचा, C असेल तर कंपनीचा. बिलावर एका माणसाचे आडनाव आणि नंबर भलत्याच कंपनीचा, असे दिसले की मी थांबतो आणि पैसे कोणाच्या खात्यातून आले ते विचारतो. आमच्या ठेकेदाराने त्याच्या फर्मच्या खात्यातून पैसे दिले होते, त्यामुळे शंका उरली नाही.

दुसरी गोष्ट, बिल त्याच क्रमांकाने आणि १२ मे याच तारखेने पुन्हा छापले. त्यात फर्मचे नाव, पत्ता आणि नंबर घातला. नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर एचएसएन, म्हणजे मालाचा वर्ग सांगणारा क्रमांक, लागतो. उलाढाल पाच कोटींच्या आत असेल तर चार आकडी पुरतो. साध्या बिलावर तो नव्हता, तो पंख्यांसाठी ८४१४ असा घातला. जुनी प्रत परत घेऊन दुकानाच्या प्रतीला टाचली.

तिसरी गोष्ट रिटर्नची, आणि हात येथेच भाजतात. आमचे रिटर्न तिमाही असले तरी नंबर असलेली बिले मधल्या महिन्यांत पोर्टलवरच्या आयएफएफ या सुविधेतून पाठवता येतात. ऑगस्टच्या आयएफएफमध्ये १३ सप्टेंबरपूर्वी आम्ही हे बिल जुन्याच तारखेने टाकले आणि ते १४ सप्टेंबरला ठेकेदाराच्या २बी मध्ये दिसले. पण आता ४०,००० दोनदा नोंदले गेले होते: एकदा जूनअखेरच्या ठोक आकड्यात आणि एकदा येथे. म्हणून जुलै ते सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, जो १३ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, तक्ता १० मध्ये मागच्या तिमाहीची किरकोळ विक्री दुरुस्त केली. या तक्त्यात फरक लिहायचा नसतो, दुरुस्त झालेला पूर्ण आकडा लिहायचा असतो. ६,४०,००० च्या जागी आम्ही ६,००,००० लिहिले. त्या तिमाहीत एका बाजूने ४०,००० वाढले, दुसऱ्या बाजूने ४०,००० घटले, आणि दुकानदाराला एक रुपयाही जास्त भरावा लागला नाही.

काउंटरवरून:
मी त्या तक्त्यात थेट ४०,००० लिहिले असते. काय झाले असते?

वहीखाते:
यंत्रणेने असे धरले असते की त्या तिमाहीत तुमची किरकोळ विक्री अवघी ४०,००० होती. सहा लाखांची विक्री गायब झाली असती आणि कर १,०८,००० रुपयांनी कमी दिसला असता. अशी चूक लगेच ओळखू येते, कारण या तिमाहीचा देय कर नेहमीपेक्षा एकदम कमी दिसू लागतो. काही जण कर कमी आला म्हणून खूश होतात. तेव्हाच संशय यायला हवा. उलट चूक, म्हणजे तक्ता १० भरायलाच विसरणे, ही शांतपणे होते. ती पकडायची तर तिमाहीचे विक्री रजिस्टर आणि रिटर्नमधील एकूण विक्री शेजारी ठेवावी. रिटर्न बरोबर ४०,००० ने जास्त दिसते.

कर सल्लागार:
वहीखाते साहेबांची आकडेमोड बरोबर आहे आणि पोर्टल हे सगळे स्वीकारते, यात शंका नाही. तरीही माझा एक मूळ आक्षेप आहे. दुरुस्तीची मुभा चूक किंवा राहून गेलेली माहिती सुधारण्यासाठी आहे. १२ मे रोजी दुकानदाराला ग्राहक नोंदणीकृत आहे हे माहीतच नव्हते, तेव्हा त्याने दिलेले बिल त्या दिवशी बरोबरच होते. मग दुरुस्ती कशाची? उद्या तपासणीत अधिकाऱ्याने विचारले, तर नंतर सोयीने ग्राहक बदलला, असाही अर्थ काढता येतो.

वहीखाते:
आक्षेप योग्य आहे. माझी बाजू अशी की खरेदीदार नोंदणीकृत असेल तर त्याचा नंबर बिलावर असावा, असे नियम ४६ सांगतो. दुकानदाराला माहीत होते की नव्हते, यावर ते अवलंबून नाही. म्हणजे नंबर राहिला ही त्रुटीच झाली. पण मी ही वाट सगळ्यांना दाखवत नाही. मूळ बिलावर त्याच माणसाचे नाव असेल किंवा पैसे त्याच फर्मच्या खात्यातून आले असतील, तरच दाखवतो. रोखीचे, बिननावाचे बिल घेऊन कोणी आला, तर मी नाही म्हणायला सांगतो. मित्राचा नंबर टाकून द्या, अशी मागणी आली तर ते उघड खोटे बिल होते. त्याला दुरुस्ती म्हणताच येणार नाही.

कर सल्लागार:
तेवढी मर्यादा घातली तर मी बऱ्यापैकी सहमत आहे, पूर्ण नाही. मी अशा प्रकरणात ग्राहकाकडून लेखी अर्जही घेऊन ठेवतो, म्हणजे पुढे विचारणा झाली तर कारण कागदावर असते.

जुना व्यापारी:
मग क्रेडिट नोट का नको? जुने बिल क्रेडिट नोटने उलटवायचे आणि नवे बिल द्यायचे. हिशेब स्वच्छ राहतो.

कर सल्लागार:
क्रेडिट नोट केव्हा द्यायची ते कलम ३४ मध्ये ठरलेले आहे: माल परत आला, माल कमी प्रतीचा निघाला, किंवा किंमत वा कर जास्त लागला. येथे पंखे छताला फिरत आहेत आणि किंमतही बरोबर आहे. अनेक जण तसे करतात हे खरे आहे आणि बहुतेकांना कोणी विचारतही नाही. पण मालाच्या हालचालीशिवाय क्रेडिट नोट निघाली की तिचे समर्थन करणे मला तरी जड जाते.

ठेकेदार:
मुदत किती असते, तेवढे स्पष्ट सांगा. मी आता माझ्या माणसांना सांगून ठेवतो.

वहीखाते:
कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरले असेल तर तेवढ्यापर्यंतच. म्हणजे मे २०२५ च्या बिलासाठी ३० नोव्हेंबर २०२६. पण दुकानदार तिमाही रिटर्न भरत असेल तर ही तारीख फसवी आहे. तक्ता १० तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्येच असतो, आयएफएफमध्ये नसतो. ३० नोव्हेंबरपूर्वीचा शेवटचा तिमाही जीएसटीआर-१ ऑक्टोबरच्या १३ तारखेला जातो. त्यानंतरचा थेट जानेवारीत येतो. त्यामुळे दिवाळीनंतर हिशेब करताना आठवले म्हणून आलेल्या ग्राहकाला बहुधा उशीर झालेला असतो.

सीमाभागातून:
आमचे दुकान कोल्हापूर जिल्ह्यात, हद्दीजवळ आहे. निपाणीचे दुकानदार स्वतःचा टेम्पो घेऊन येतात आणि काउंटरवरून माल नेतात. त्यांचा नंबर २९ ने सुरू होतो. साध्या बिलावर आम्ही केंद्राचा आणि महाराष्ट्राचा कर लावलेला असतो. नंतर त्यांनी नंबर दिला, तर वरच्या पद्धतीने नुसता नंबर घालून चालेल का?

वहीखाते:
नाही, आणि हे विचारलेत ते फार बरे झाले. नंबर कर्नाटकाचा आणि कर महाराष्ट्राचा, असे बिल २बी मध्ये दिसते खरे, पण क्रेडिट उपलब्ध नाही, असा शेरा घेऊनच. माल निपाणीला पोहोचत असेल तर माझ्या मते बिल आयजीएसटीचे, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराचे हवे. माल कोणी हलवला, विक्रेत्याने की खरेदीदाराने, यावर कायदा भेद करत नाही. हालचाल जेथे संपते ते ठिकाण धरले जाते. मात्र अशा बिलावर ठिकाण कर्नाटक म्हणून लिहिलेले असावे, टेम्पोचा क्रमांक असावा, आणि रक्कम पन्नास हजारांवर असेल तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असलेली एक लाखाची सवलत हद्द ओलांडल्यावर उपयोगी पडत नाही.

कर सल्लागार:
यावर माझे मत वेगळे आहे. काउंटरवर माल हातात दिला, पैसे घेतले, तर माल तेथेच सुपूर्द झाला आणि हालचाल तेथेच संपली. त्यानंतर तो माल निपाणीला नेतो की कागलमध्येच वापरतो, हे दुकानदाराला कसे कळणार? पंखे कागलच्या साइटवर बसले असतील तर कर महाराष्ट्राचाच आहे आणि कर्नाटकाच्या नंबरवर क्रेडिट मिळणार नाही.

सीमाभागातून:
म्हणजे दोघांपैकी कोणाचे ऐकायचे? आणि चुकीचा कर भरला गेला असेल तर?

वहीखाते:
चुकीचा प्रकार भरला गेला असेल तर योग्य कर आधी पदरचा भरावा लागतो आणि आधी भरलेला परत मागता येतो. अशा वेळी योग्य करावर व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. म्हणूनच अशा ग्राहकाच्या बाबतीत मी बिल करण्याआधीच विचारायला सांगतो: नंबर कोणत्या राज्याचा, आणि माल जाणार कुठे? उत्तर निपाणी असेल आणि ते बिलावर लिहून घेतले असेल, तर मी आयजीएसटीवरच ठाम राहीन. सल्लागार साहेबांचा कागलच्या साइटचा मुद्दा मात्र मला मान्य आहे. तेथे २९ चा नंबर लिहूनही खरेदीदाराला काही मिळणार नाही आणि तसे त्याला आधीच सांगितलेले बरे.

सीमाभागातून:
आमचे अर्धे ग्राहक दोन्हीकडे कामे घेतात आणि माल कुठे जाणार हे सकाळी त्यांनाच माहीत नसते. आता बिलबुकावर माल पोहोचवण्याचे ठिकाण असा रकाना पेनाने आखून घेतला आहे. जुन्या बिलांची यादी काढली, तर गेल्या तिमाहीत अशी अकरा बिले निघाली. त्यातल्या चारांवर गाडीचा क्रमांक आहे, बाकी सातांचे काय करायचे ते मला अजून सुचलेले नाही.

कर सल्लागार:
त्या सात ग्राहकांना आधी फोन करून माल कुठे उतरवला ते लेखी मागवा. त्यानंतर त्यावर बोलू.